सोडियमच्या ज्योतीत वरच्या लेव्हलला किती अणू असतात?

"2500 केल्विनच्या ज्योतीत सोडियमचे 3p आणि 3s लेव्हलमधले अणू किती पट, असा प्रश्न आहे. मी e^(-ΔE/kT) काढलं तर 5.7×10⁻⁵ येतं, पुस्तकात 1.7×10⁻⁴ दिलंय. तीन वेळा केलं, कुठे चुकतंय?"

कॅल्क्युलेशन बरोबर आहे तुमचं, फक्त एक गुणाकार राहिलाय. तुमच्या उत्तराला 3 ने गुणून बघा, पुस्तकातलं उत्तर येईल. पण हा 3 कुठून आला ते नीट कळलं पाहिजे, नाहीतर पुढच्या गणितात परत तिथेच अडकायला होतं. बीएस्सीला असताना मीही फॉर्म्युल्यातला g नुसता पाठ केला होता आणि पेपरात गाळला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

e^(-ΔE/kT) हा बोल्ट्झमन फॅक्टर एका स्टेटची तुलना दुसऱ्या एकाच स्टेटशी करतो. पण लेव्हल म्हणजे एक स्टेट नव्हे, सारख्या एनर्जीच्या कितीतरी स्टेट्स मिळून एक लेव्हल होते, आणि त्या किती आहेत ती संख्या म्हणजे g, डीजनरसी. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन 3s मध्ये असला की ऑर्बिटल एकच, स्पिन दोन, म्हणजे g = 2. 3p मध्ये ऑर्बिटल तीन आणि प्रत्येकात स्पिन दोन, म्हणजे g = 6. वरच्या लेव्हलला बसायच्या जागाच तिप्पट आहेत, म्हणून

N₂/N₁ = (g₂/g₁) e^(-ΔE/kT)

आता आकडे टाकू. पिवळा प्रकाश 589 नॅनोमीटरचा, hc म्हणजे 1240 eV·nm, त्याला 589 ने भागलं की ΔE = 2.105 eV. k घ्यायचा 8.617×10⁻⁵ eV/K, म्हणजे kT = 0.2154 eV. भागाकार 9.77 आणि e^(-9.77) = 5.7×10⁻⁵, इथपर्यंत तुम्ही आलाच होतात. गुणिले 3, 1.7×10⁻⁴. दहा लाख अणूंमागे साधारण 171 वर, बाकी सगळे खाली.

एक बारकावा: 3p खरं तर दोन जवळजवळच्या लेव्हल आहेत, एकीचा g 4 आणि दुसरीचा 2, म्हणून तर 589.0 आणि 589.6 अशा दोन रेषा दिसतात. त्यांच्यातला फरक जेमतेम 0.002 eV, kT च्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणून दोन्ही एकत्र धरून 6 घेतलेलं चालतं. पण प्रश्नात फक्त 589.0 वाल्या रेषेची वरची लेव्हल विचारली असेल तर g₂/g₁ = 4/2 = 2 घ्यायचं, 3 नाही. प्रश्न वाचताना हे आधी बघा.

आता याच गणितात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ज्योतीचं तापमान फक्त 10 केल्विनने वाढवा, 2510 करा. तापमान वाढलं 0.4 टक्के, पण घातांक 9.77 असल्यामुळे रेशो जवळजवळ त्याच्या दहापट, म्हणजे 4 टक्क्यांच्या आसपास वाढतो, 171 चे 178 होतात. फ्लेम फोटोमीटर या वरच्या अणूंचा प्रकाश मोजतो, म्हणून गॅसचा किंवा हवेचा फ्लो जरा हलला की रीडिंग हलतं आणि तुम्ही स्टँडर्ड सोल्युशन परत लावत बसता. खालच्या लेव्हलला मात्र 9,99,829 चे 9,99,822 झाले, काहीच फरक नाही. ॲलन वॉल्श यांनी 1955 मध्ये ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनची पद्धत मांडली तिच्यात खालचे अणू किती प्रकाश शोषतात ते मोजतात, त्यामुळे तापमानाची ही भानगड तिथे बरीच कमी होते (पूर्ण जात नाही, कारण मुळात सोडियमचे किती अणू मोकळे होतात ते ज्योतीवरच अवलंबून).

आणि हा फॉर्म्युला कुठे लावायचा नाही तेही सांगतो. रस्त्यावरचा पिवळाधमक लो-प्रेशर सोडियम दिवा घ्या, त्याची आतली नळी साधारण 260 डिग्री सेल्सियस, म्हणजे 533 केल्विन. तेच गणित केलं तर रेशो 10⁻²⁰ च्या घरात येतो, म्हणजे दिवा काळाकुट्टच दिसायला हवा. तो झगझगीत असतो कारण तिथे विजेने पळणारे इलेक्ट्रॉन अणूंना धडकून वर ढकलतात, त्या इलेक्ट्रॉनचं तापमान गॅसपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि अणू गॅसच्या तापमानाशी थर्मल इक्विलिब्रियममध्ये नसतात. ज्योतीत धडका इतक्या सतत होतात की इक्विलिब्रियम धरायला हरकत नसते, म्हणून तुमच्या गणितात 2500 टाकता येतं.

पुढच्या वेळी k जूलमध्ये आणि ΔE eV मध्ये असं मिसळू नका, घातांक एकदम 10¹⁹ च्या घरात आला की समजायचं तेच झालंय.