रिमोट प्लेला चित्र का अडकतं?

प्रश्न: सांगलीत घरी १०० एमबीपीएस फायबर आहे, तरी पीएस५चा गेम मोबाईलवर अडकतो. प्लॅन वाढवू का?

प्लॅन राहू द्या, आधी कन्सोल लॅन केबलने राउटरला जोडा. घरातल्या घरात खेळताना चित्र राउटरमधूनच फिरतं, इंटरनेटचा वेग तिथे कामाला येत नाही. कन्सोल आणि फोन दोन्ही वायफायवर असले की प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते: कन्सोल ते राउटर, मग राउटर ते फोन. केबलने पहिली खेप वाचते. मी विश्रामबागेत नेटवर्कची कामं करतो, बहुतेक घरांत दुखणं इथंच निघतं. फोन वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर ठेवा. मात्र हा बँड जाड भिंतीपुढे ढेपाळतो. राउटरजवळ सुरळीत आणि आतल्या खोलीत अडकत असेल, तर रिमोट प्ले ॲपमध्ये रिझोल्यूशन 720p करा.