‘हुजांबो?’ला मराठीत काय म्हणावं

«टांझानियातल्या खेड्यातली एक गोष्ट स्वाहिलीतून मराठीत करते आहे. दोन शेजारणी विहिरीवर भेटतात आणि ‘हुजांबो?’ – ‘सिजांबो.’ ‘हबारी झा न्युंबानी?’ – ‘न्झुरी.’ ‘वातोतो हावाजांबो?’ – ‘हावाजांबो.’ असं बोलतात. मी ‘तू कशी आहेस? मी ठीक आहे. घराची बातमी काय? चांगली. मुलं कशी आहेत? ठीक आहेत’ असं केलंय, पण चौकशीला बसवल्यासारखं वाटतं. मायेनं विचारल्यासारखं कसं आणावं?»

आधी ‘जांबो’ हा शब्द सुटा करून पाहू. जांबो म्हणजे बाब, प्रकरण, मामला. ‘हुजांबो’तला ‘हु’ हा ‘तू’ला जोडलेला नकार आहे, म्हणजे शब्दशः ‘तुझ्यामागे काही प्रकरण नाही ना?’ उत्तरातला ‘सि’ हा ‘मी’चा नकार: माझ्यामागे काही नाही. एकापेक्षा जास्त माणसांना विचारायचं तर ‘हामजांबो?’, आणि त्यांचं उत्तर ‘हातुजांबो’. समोर नसलेल्या एकाबद्दल ‘हाजांबो’, अनेकांबद्दल ‘हावाजांबो’. म्हणजे ‘वातोतो हावाजांबो?’ हा काही वेगळा प्रश्न नाही. हुजांबोच आहे, फक्त मुलांसाठी.

हा नकार थोडं स्वाहिली शिकलेल्याला फसवतो. ‘मामा हाजांबो’ हे वाक्य ‘आई बरी नाही’ असं केलेलं मी पाहिलंय. (स्वाहिलीत मामा म्हणजे आई, हेही ध्यानात असू द्या.) अर्थ नेमका उलटा आहे: तिच्यामागे काही दुखणं नाही, म्हणजे आई बरी आहे.

तुमच्या वाक्यांत माया का उतरली नाही, तेही या नकारातच दडलंय. ‘तू कशी आहेस?’ हा मोकळा प्रश्न झाला, उत्तर काहीही येऊ शकतं. हुजांबो विचारणारी मात्र आधीच मनाशी धरून चालते की सगळं नीट असावं. मराठीत हे काम ‘ना’ करतो. ‘बरी आहेस ना?’ म्हणताना समोरचीनं ‘हो, बरी आहे’ म्हणावं अशी इच्छा आपल्या आवाजातच असते. म्हणून मी ‘कशी आहेस’ सोडून सगळीकडे ‘बरी आहेस ना’ घेईन. ‘काही त्रास नाही ना?’ शब्दाला जास्त जवळ आहे, पण तसं आपण काही कानावर आल्यावर विचारतो. रोजच्या भेटीत ते उगाच काळजी लावतं.

‘बरं’ हा शब्द आणखी एका कारणानं बसतो. मी दार एस सलामला राहायचे तेव्हा शेजारच्या बाईंची आई आजारी होती. रोज सकाळी जिन्यात भेट व्हायची. ‘मामा हाजांबो?’ मी विचारायचे. पहिल्या आठवड्यात त्या आधी ‘न्झुरी’ म्हणायच्या आणि मग हलकेच सांगायच्या की रात्री झोप लागली नाही. पुढे एकदा म्हणाल्या, ‘हाजांबो किदोगो.’ किदोगो म्हणजे थोडं. ‘आईचं थोडं बरं आहे.’ दुखण्यातून उठतानाही तोच शब्द, रोजच्या खुशालीलाही तोच. आपलंही तसंच आहे: ताप उतरला की माणूस बरा होतो, आणि रस्त्यात भेटलं की बरं आहे ना विचारतो. ‘ठीक’मध्ये, ‘मजेत’मध्ये हे नाही.

त्या बाई आधी ‘न्झुरी’ आणि मग दुखणं सांगायच्या, तीही तिथली रीतच आहे. पहिलं उत्तर चांगलंच द्यायचं, अडचण ‘लाकिनी’ म्हणून मागाहून. लाकिनी म्हणजे पण. तुमच्या गोष्टीत पुढे असा प्रसंग असेल तर ‘बरं आहे सगळं... पण ह्यांचा पाय दुखतोय’ हा क्रम मोडू नका. पहिल्याच वाक्यात दुखणं आणलंत तर ती बाई तक्रारखोर वाटेल.

आता ‘हबारी’. हा अरबीतून आलेला शब्द, म्हणजे आपल्या ‘खबर’चा सख्खा भाऊ. तरी ‘घरची खबर काय?’ लिहू नका. मराठीत खबर पोलिसांना देतात, आणि कुणाची खबर घेतली तर त्याची धडगत नसते. ‘उ हाली गानी?’ या अभिवादनातल्या ‘हाली’चंही तेच. तो आपला ‘हाल’च आहे, पण मराठीत एकटा ‘हाल’ आला की सोसणं आलं. ‘हालहवाल’ अशी जोडी केली तर चालतो, तोही पुरुषांच्या बोलण्यात जास्त.

‘न्युंबानी’कडे मात्र नीट पाहा. ‘न्युंबा’ म्हणजे घर, आणि शेवटचा ‘नी’ म्हणजे ‘-त, -ई’: न्युंबानी म्हणजे घरी. म्हणून ‘घराची’ चुकतं आणि ‘घरची’ बरोबर येतं. घराचं म्हणजे भिंती-कौलांचं, घरचं म्हणजे माणसांचं. हा फरक मराठीला एका अक्षरात करता येतो. ‘घरचं सगळं बरं ना?’ एवढ्यात हबारी आणि न्युंबानी दोन्ही आले. ‘बातमी’ शब्द कुठेच नको. ‘हबारी झा काझी?’ला ‘काम कसं चाललंय?’, ‘हबारी झा सफारी?’ला ‘प्रवास नीट झाला ना?’. दर वेळी हबारी वेगळ्या शब्दानं गेलं तरी चालेल.

तू की तुम्ही, हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल. हुजांबोमध्ये आदराचा भेद नाही, हामजांबो फक्त संख्येनं अनेकवचन आहे. वडीलधाऱ्यांचा मान तिथे ‘शिकामो’ या वेगळ्या अभिवादनानं राखतात. त्याचा मूळ अर्थ ‘पाय धरतो’ असा सांगतात, आणि उत्तर ‘मराहाबा’. विहिरीवर एखादी आजी आली तर ‘पाया पडते, आजी’ – ‘सुखी राहा गं’ असं खुशाल करा. आपणही फोनवर न वाकता ‘पाया पडते’ म्हणतोच. तिथेही ते बहुतेक बोलण्यातच उरलंय. दोघी शेजारणी समवयस्क असतील तर तू आणि ‘गं’.

उत्तरात प्रश्नातलाच शब्द परत येतो, तो तसाच ठेवा. आपल्या संपादकाला पुनरुक्ती वाटेल, पण हावाजांबो? – हावाजांबो, या ठेक्यातच त्या दोघी एकमेकींजवळ थांबतात. मी असं करीन:

‘बरी आहेस ना गं?’
‘बरी आहे. तू बरी ना?’
‘बरी आहे. घरचं सगळं बरं ना?’
‘बरं आहे.’
‘पोरं बरी आहेत ना?’
‘बरी आहेत.’

मग घागर भरायला लावू दे तिला. घाईच्या दिवशीही यातला एखादाच प्रश्न गळतो, पहिला तर कधीच नाही. मी सुरुवातीला बाजारात पालेभाजीची जुडी उचलून थेट भाव विचारला होता. भाजीवाल्या मावशींनी भाव न सांगता माझ्याकडे पाहून शांतपणे ‘हुजांबो?’ म्हटलं आणि मी ‘सिजांबो’ म्हणेपर्यंत थांबल्या.

निरोप घेताना तुमच्या गोष्टीत ‘वासालिमिए न्युंबानी’ आलं असेल. शब्दशः ‘घरी त्यांना सलाम सांग’. त्याला मराठीत तयार वाक्य आहे: ‘घरी सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग.’