शिष्यवृत्तीच्या निबंधात 'मी' लिहायला हात अडखळतो तेव्हा

तुझा मसुदा वाचला. 'मला एका पाणी प्रकल्पात थोडीफार मदत करण्याची संधी मिळाली' हे वाक्य आधी काढ. फोनवर तू मला सांगितलंस ते वेगळंच होतं. ५ जणांचा गट, १४ विहिरी, दर १५ दिवसांनी पातळी मोजायची. वेळापत्रक तू आखलंस, नोंदवही ८ महिने तू सांभाळलीस. मग लिही: 'आमच्या ५ जणांच्या गटात १४ विहिरींच्या मोजणीचं वेळापत्रक मी आखलं आणि ८ महिन्यांच्या नोंदी ठेवल्या.' यात फुशारकी कुठे आहे? गटाचं श्रेयही जागेवर राहिलं.

'आपण त्या लायकीचे नाही' असं वाटतं तेव्हा निबंधाला हात लावू नकोस. आधी कोऱ्या कागदावर तीन रकाने कर: मी काय केलं, इतरांनी काय केलं, पुरावा कुठे आहे. नोंदवही, ईमेल, फोटो, काहीही चालेल. पुरावा असलेलं वाक्य ठामपणे लिहायचं.

सुरुवातीला या दोन चुका हमखास होतात:

- 'नशिबाने', 'थोडंफार', 'केलं गेलं' अशा शब्दांआड लपणं. वाचणाऱ्याला तुझं काम दिसतच नाही.
- मग घाबरून उलट टोक गाठणं: 'गावाचा पाणीप्रश्न सोडवला.' तू पातळी मोजलीस, प्रश्न सोडवला नाहीस. मुलाखतीत पहिला प्रश्न इथेच येईल.

शंका आली तर ते वाक्य शिफारसपत्र देणाऱ्या सरांना वाचून दाखव. त्यांनी 'हो, हे तूच केलंस' म्हटलं तर ठेव. भाषा नंतर घासूपुसू.