सुईचं वजन कमी केलं की रेकॉर्ड वाचते का?

प्रश्न: रॉकच्या रेकॉर्ड झिजू नयेत म्हणून सुईचं वजन 1.4 ग्रॅमवर ठेवलंय. कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निका व्हीएम95ई. तरी प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा फाटतात. वजन अजून कमी करू का?

उत्तर: नको, उलट वाढवा. या कार्ट्रिजला 1.8 ते 2.2 ग्रॅम वजन लागतं, कंपनी 2 सांगते. झांज वाजली किंवा गायकाचा ‘स’ आला की खाच झटकन वळते. हलकी सुई अशा वळणावर भिंत सोडते आणि परत येऊन तिच्यावर आपटते. तुम्हाला फाटल्यासारखं ऐकू येतं ते हेच. सुई हिऱ्याची आहे, विनाइलवर तिचा घाव पडला की तो कायमचा. दोन ग्रॅमची सुई भिंतीला धरून सरकते, म्हणून झीज कमी होते. मीही काळजीपोटी वर्षभर दीड ग्रॅमवर वाजवलं आणि एका लाडक्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं गमावलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

शेवटचंच गाणं का, तर रेकॉर्डच्या कडेला सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सुईखालून जाते आणि लेबलजवळ जेमतेम 21. तोच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, वळणं दाटीवाटीची होतात. त्यात रॉकमध्ये झांजा जवळजवळ अखंड चालू असतात, सुईला उसंत मिळत नाही.

आता वजन लावायचं. टोनआर्मची आतली ओढ रोखणारं अँटी-स्केट शून्यावर ठेवा, सुईचं कव्हर काढा आणि टोनआर्म आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवा. आकड्यांची रिंग तेवढी शून्यावर आणा, मग रिंगसकट वजन 2 वर न्या. रिंगवर पूर्ण भरवसा ठेवू नका. सुईसाठीचा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो, त्यावर एकदा मोजा. अँटी-स्केटही 2 वर ठेवा. नंतर आवाज फक्त उजव्या स्पीकरमध्ये फाटला, तर बहुधा अँटी-स्केट कमी पडतंय. टोनआर्म आत ओढला जातो आणि खाचेच्या बाहेरच्या भिंतीवरची, म्हणजे उजव्या चॅनेलची पकड आधी सुटते.

एवढं झाल्यावर एखादी नवीकोरी रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐका. ती स्वच्छ वाजली आणि जुनी तशीच फाटली, तर जुनीच्या खाचेवर घाव पडलेत, वजनाने ते भरणार नाहीत. पण सुई किती वाजलीय तेही आठवा. तुमची लंबगोल सुई कंपनीच्या हिशेबाने 300 तासांची, आणि झिजलेली सुई योग्य वजनावरही खाच कापते. बदलायची वेळ आली असेल, तर याच कार्ट्रिजमध्ये मायक्रोलाइन सुई बसते. महाग आहे, पण तिचं टोक भिंतीला वेगळ्या जागी, उंच आणि अरुंद रेषेत टेकतं. जुन्या सुईने न घासलेला भाग तिथे शिल्लक असेल, तर झांजा बऱ्याच मोकळ्या होतात. माझं ते गाणं पूर्ण सुधारलं नाही, पण ‘स’ आता टोचत नाही.