रुपया पडला की तेल आणि फॉरेन ट्रिप का महागते?

शाळेच्या इकॉनॉमिक्स क्लबमध्ये यावर भाषण आहे, सोप्या भाषेत कसं सांगू?

सरळ कच्च्या तेलाच्या एका बॅरलचा हिशोब फळ्यावर मांड. बॅरल म्हणजे साधारण 159 लिटर, समज भाव 80 डॉलर. डॉलर 80 रुपयांना असताना ते 6400 ला पडतं, 90 झाला की 7200, म्हणजे तिकडे भाव तोच राहूनही लिटरमागे पाच रुपये वाढले. कोणीतरी विचारणारच की मग पंपावर रेट लगेच का नाही हलत, तर मध्ये टॅक्स आणि तेल कंपन्यांचं मार्जिन असतं ना, काही काळ फटका तिथेच जिरतो. ट्रिपचंही तसंच, 1500 डॉलरचा खर्च 1,20,000 वरून 1,35,000. फक्त जपानला जायचं तर येनचा रेट बघायचा, तोही पडला असेल तर ट्रिप महागेलच असं नाही.