नुसत्या ‘हॅलो’ला दोन ओळींचं उत्तर द्या आणि समोरच्याला बोलू द्या

प्रश्न: ऑफिसच्या आयटी हेल्पडेस्कवर नवीन आहे. बरेच जण नुसतं ‘हाय’ किंवा ‘हॅलो’ टाकून गप्प बसतात. त्यावर काय उत्तर द्यायचं? आणि पुढे काहीच आलं नाही तर किती वेळ वाट बघायची?

उत्तर:

लगेच उत्तर द्या. दोनच ओळी, आणि दोन्ही एकाच मेसेजमध्ये. मी कित्येक वर्षं हेच पाठवत आलोय:

> नमस्कार, मी हेल्पडेस्कवरच आहे, बोला.
> काय अडलंय ते जमेल तसं लिहा, स्क्रीनचा फोटो टाकलात तरी चालेल.

या दोन ओळींवरून माझा एका सहकाऱ्याशी बराच काळ वाद होता. त्याचं म्हणणं, नुसतं ‘हॅलो’ टाकणारा माणूस आपला वेळ खातो, त्याला वळण लावलंच पाहिजे. म्हणून तो उत्तरादाखल nohello.net ची लिंक पाठवायचा. नमस्कारासोबतच प्रश्नही लिहून टाका, असं ती साइट सांगते. सल्ला चांगला आहे, टीममधल्या लोकांना एरवी सांगायला माझी काहीच हरकत नाही. पण अडचणीत असलेल्या माणसाच्या पहिल्या शब्दावर ती लिंक टाकणं म्हणजे दार वाजवणाऱ्याला दार कसं वाजवावं ते शिकवणं.

एकदा महिनाअखेरीला अकाउंट्समधल्या एका माणसाचं संध्याकाळी नुसतं ‘हॅलो’ आलं. सहकारी म्हणाला, लिंक टाक. मी माझ्या दोन ओळी टाकल्या. मग स्क्रीनवर ‘टायपिंग’ दिसायचं आणि थांबायचं, परत दिसायचं, परत थांबायचं. शेवटी आलं, “एक विचारायचं होतं. डिलीट झालेलं परत मिळतं का?”

मी फक्त एवढंच लिहिलं, “बहुतेक वेळा मिळतं. कुठलं फोल्डर, आणि शेवटचं कधी पाहिलं होतंत?” मग सगळं भडाभडा बाहेर आलं. शेअर्ड ड्राइव्हवरचं त्या महिन्याच्या बिलांचं फोल्डर दुपारी जेवणानंतर त्याच्या हातून उडालं होतं. तेव्हापासून तो स्वतःच्या मशीनचा Recycle Bin धुंडाळत बसला होता. तिथे काही सापडणारच नव्हतं, कारण नेटवर्कवरच्या शेअरमधून उडवलेली फाइल आपल्या Recycle Bin मध्ये येतच नाही. त्याला वाटलं, संपलं सगळं. साहेबांना कसं सांगायचं याच विचारात त्याने तो एक शब्द टाइप केला होता.

आमच्या विंडोज सर्व्हरवर शॅडो कॉपी, म्हणजे ठरलेल्या वेळी फायलींची त्या क्षणाची प्रत आपोआप जपून ठेवणारी सोय, चालू होती आणि वेळापत्रक मूळचंच ठेवलेलं होतं: सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२. म्हणजे १२ च्या प्रतीत ते फोल्डर असणारच होतं. मी त्याला वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून Properties, मग Previous Versions उघडायला सांगितलं. त्यातली १२ ची प्रत Open करून आतलं बिलांचं फोल्डर तेवढं कॉपी करून घ्यायचं. शेजारीच Restore चं बटण असतं, त्याला हात लावू नका असं आधीच बजावलं. ते दाबलं असतं तर वरचं अख्खं फोल्डर मागे गेलं असतं, आणि इतरांनी दुपारनंतर बदललेल्या फायलींवरही जुनी प्रत बसली असती. घाबरलेला माणूस एकटा असला की नेमकं तेच बटण दाबतो. १२ नंतर केलेल्या काही नोंदी तेवढ्या गेल्या, त्या त्याने पुन्हा भरल्या.

तो गप्प राहिला असता तर? या शॅडो कॉपी एका व्हॉल्यूमवर जास्तीत जास्त ६४ राहतात, मग जुन्या गळत जातात. आठवड्याला दहा धरल्या तर साधारण सहा आठवडे, आणि राखून ठेवलेली जागा भरली तर त्याच्याही आधी. फायली उडवल्याचं लपवून ठेवणारे लोक आमच्याकडे यायचे ते बहुतेक ही मुदत उलटल्यावर, ऑडिटच्या तोंडावर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नुसतं ‘हॅलो’ हा बहुतेक वेळा आळस नसतो. कुणी ऐकतंय का, एवढंच माणूस चाचपत असतो. इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली सुमारे ५०० फोन कॉल्सच्या सुरुवाती तपासून हेच दाखवलं होतं. फोनची घंटी ही हाक असते, उचलणारा ‘हॅलो’ म्हणतो ती ओ असते, आणि ओ मिळाली की कामाचं बोलायची पाळी हाक मारणाऱ्याची. चॅटवरचं ‘हॅलो’ तीच हाक आहे. पहिल्या ओळीने ओ द्या, दुसरीने पाळी त्याच्याकडे सोपवा.

पहिली ओळ एकटी पाठवू नका. तिकडून ‘कसे आहात’ येतं आणि खेळ लांबतो. दुसऱ्या ओळीत ‘मदत हवी आहे का?’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ एवढंच उत्तर येतं आणि एक फेरी फुकट जाते. ‘काय अडलंय’ला ‘हो’ म्हणता येत नाही. एम्प्लॉयी कोड किंवा तिकीट नंबरही पहिल्याच उत्तरात मागू नका, नंतर हवा तेव्हा विचारता येतो. ‘जमेल तसं’ हे शब्द मात्र ठेवाच. आपल्याला तांत्रिक भाषेत मांडता येणार नाही या भीतीने बरेच जण थांबलेले असतात.

नंतर आमच्या वरिष्ठांनी या दोन ओळींच्या जागी आपोआप जाणारा मेन्यू बसवला: पासवर्डसाठी १, प्रिंटरसाठी २, असं करत खाली लांबच लांब. त्या अकाउंट्सवाल्याने त्यात कुठला आकडा दाबायचा होता? ‘माझ्या हातून झालं’ याला मेन्यूत आकडा नसतो. रात्री कुणीच नसताना आपोआप उत्तर जाऊ द्या, पण त्यात माणूस कधी भेटेल ती वेळ लिहा. ‘मी आहे, बोला’ हे माणूस खरंच बसलेला असतानाच जावं, नाहीतर लिहिणारा सगळं ओततो आणि पलीकडे कुणीच नसतं.

हे सगळं हेल्पडेस्कपुरतं. तुमच्या स्वतःच्या फोनवर अनोळखी नंबरवरून नुसतं ‘हाय’ आलं तर उत्तर देऊ नका, फसवणूक करणारे गळ टाकतात तो असाच. आणि रोज सोबत काम करणारा कुणी सवयीने ‘हाय’ टाकून गायब होत असेल, तर त्याला समोर बसवून एकदा सांगा.

वाट किती वेळ बघायची म्हणाल, तर घड्याळ लावू नका, चॅट उघडी ठेवून दुसरं काम घ्या. दिवस संपताना ‘सवडीने लिहा, उद्याही मी आहे’ एवढी एक ओळ टाका आणि तिकीट बंद करू नका.