दोन खर्डे, एक संहिता

जळगाव

प्रिय मित्रा,

नाटकाचे दोन्ही खर्डे वाचले, पहिला अमळनेरच्या लेखकाचा, दुसरा रावेरच्या, आणि ते जोडून तू केलेली संहिताही. विषय तोच, दोन भाऊ आणि एक विहीर, पण पानं उलटली की माणसं बदलतात. अमळनेरच्या खर्ड्यातला थोरला भाऊ, नाना, चार शब्द बोलून गप्प होतो. रावेरच्या खर्ड्यातला नाना त्याच प्रसंगी अर्धं पान बोलतो. तू पहिले दोन प्रवेश एकातून आणि पुढचे दोन दुसऱ्यातून घेतलेस, म्हणून मध्यंतरी नट बदलल्यासारखं वाटतं. प्रवेश आलटूनपालटून घेतले की असंच होणार, मग ते सुटे कितीही चांगले असोत.

आधी पाया कोणता ते ठरव. चांगली वाक्यं कुणाकडे जास्त आहेत यावर ते ठरवू नकोस. शेवट कुणाच्या खर्ड्यात नानाच्या स्वतःच्या निर्णयातून येतो, ते बघ. अमळनेरच्या खर्ड्यात तो विहिरीच्या पाण्याची स्वतःची पाळी सोडतो आणि तिथून सगळं घडतं. रावेरच्या खर्ड्यात तलाठी येऊन प्रश्न सोडवतो. म्हणून पाया अमळनेरचा. दुसऱ्या खर्ड्यातून काय घ्यायचं ते आपण वेचून घेऊ.

आता गाव. इथे तुझी सगळ्यात मोठी अडचण आहे आणि ती भाषेची वाटत असली तरी पिकाची आहे. पाया असलेल्या खर्ड्यात कापूस आहे, दुसऱ्यात केळी. मे महिन्यात विहीर खाली गेली आणि मान्सूनपूर्व लावलेला कापूस वाळला, तर बियाण्याची पिशवी आणि मजुरी जाते, पाऊस आला की दुबार लावता येतो. निसवलेल्या केळीचं पाणी त्या उन्हात तुटलं तर घड पोसत नाही, आणि लावणीपासूनचं जवळजवळ वर्ष जातं. ‘एका पाळीत वर्ष जाईल’ हे दुसऱ्या खर्ड्यातलं म्हणणं तुला हवं आहे, पण कापसाच्या बांधावर ते खोटं पडतं. केळी घ्यायची म्हणून गाव रावेरला नेलंस, तर घरातली बोली लेवा होईल आणि पहिल्या खर्ड्यातली अहिराणी निघून जाईल. मी गाव तापीच्या उत्तरेला, चोपडा तालुक्यात नेईन. तिथे केळीही आहे आणि अहिराणीही. मग पहिल्या खर्ड्यातला कापूस वेचणीचा प्रवेश जाईल. तो सुंदर आहे, तरी जाऊ दे.

गाव ठरलं की बोली ठरली. रावेरच्या खर्ड्यात ‘मले’, पहिल्यात ‘माले’. तिकडे ‘आहे’, इकडे ‘शे’. तिकडे ‘गावात’, इकडे ‘गावमा’. हे संगणकावर शोधून बदलायच्या आधी दोन गोष्टी सांभाळ. एक खर्डा जुन्या फॉन्टमध्ये आहे, तो आधी युनिकोडमध्ये आण आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपास, ती तुटतात. दुसरं, ‘मले’चं ‘माले’ सरसकट बदललंस तर ‘जमले’चं ‘जमाले’ होईल. पूर्ण शब्द शोध, आणि एकेक पाहून बदल. तरीही शब्द बदलून अहिराणी होत नाही. ‘मला घरी जायचं आहे’ यातले दोन शब्द बदलून ‘माले घरी जायचं शे’ लिहिलंस तर कुठल्याच गावातलं कुणी तसं बोलत नाही. ‘माले घर जानं शे’ असं वाक्य मुळातूनच मनात यायला हवं. म्हणून दुसऱ्या खर्ड्यातला प्रवेश घेताना त्यात काय काय घडतं ते पाच-सहा ओळींत लिही, तो खर्डा मिटून ठेव, आणि प्रवेश नव्याने लिही. चिकटवू नकोस.

विहिरीचा प्रवेश करून दाखवतो. दुसऱ्या खर्ड्यात नानाच्या लांब भाषणात तीन गोष्टी येतात: विहीर दोघांची असं वडील सांगून गेले, केळी आजची रात्र काढणार नाही, आणि सोसायटीचं कर्ज नानाने एकट्याच्या नावावर घेतलंय. आपला नाना यातलं काहीच तोंडाने सांगणार नाही. मग पहिली गोष्ट मायला दे, दुसरी वस्तूला दे, तिसरी राखून ठेव.

धाकटा: नाना, आज मनी पाळी शे.
नाना: लाईट येऊ दे.
धाकटा: बानी काय सांगेल व्हतं?
माय: (ओट्यावरून) इहीर दोन्ही भाऊस्नी शे.
(नाना खांद्यावरचं केळीचं पान खाली ठेवतो. कडा करपलेल्या.)
नाना: लाईट येऊ दे.

रावेरच्या लेखकाची माहिती राहिली आणि बोलणं पहिल्या नानाचं राहिलं. रंगसूचनाही पहिल्यासारखीच ठेव. ‘विषण्णपणे भूतकाळ आठवत’ असं दुसऱ्या खर्ड्यात जागोजाग आहे. ते नटाला करता येत नाही आणि प्रेक्षकाला दिसत नाही. करपलेलं पान दिसतं.

हाक कोण कुणाला कशी मारतो, याचा एक तक्ता कर. पहिल्या खर्ड्यात धाकटा नानाला ‘तू’ म्हणतो, दुसऱ्यात ‘तुम्ही’. तुझ्या जोडलेल्या संहितेत दोन्ही येतात. सगळीकडे ‘तू’ कर. फक्त वाटणीच्या कागदावर सही झाल्यानंतर, एकदाच, धाकट्याच्या तोंडी ‘तुम्ही’ येऊ दे. आधीचे सगळे ‘तुम्ही’ काढलेस तरच ते परकेपण ऐकू येईल.

यानंतर कर्जाकडे वळ. पहिल्या खर्ड्यात धाकट्याला ते दुसऱ्या प्रवेशात कळतं, दुसऱ्या खर्ड्यात शेवटी. तू दोन्ही ठेवलेस, म्हणून तिसऱ्या प्रवेशात तो माहीत असून विचारतो आणि चौथ्यात पुन्हा चकित होतो. प्रत्येक प्रवेशाच्या समासात पेन्सिलीने लिही: इथे कुणाला काय नव्याने कळलं. एकच गोष्ट एकाच माणसाला दोनदा कळली, तर त्यातला एक प्रवेश किंवा तेवढा भाग काढ. या कर्जाचं कळणं शेवटी ठेव, कारण ते आधी कळलं तर पाळीवरचं भांडण टिकत नाही.

मग तपासणी. एकाने फक्त नानाची वाक्यं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचायची, बाकी कुणाचं काही नाही. पहिल्या खर्ड्यात त्याचं बोलणं तीन ते पाच शब्दांचं आहे. बारा शब्दांच्या वर गेलेलं प्रत्येक वाक्य खुणव. बहुतेक ती दुसऱ्या खर्ड्यातून तशीच आलेली असतील. मायचं आणि धाकट्याचंही तसंच वाच. धाकटा मात्र लांब बोलू शकतो, तो त्याचा स्वभाव आहे. त्याला नानासारखा आखूड करू नकोस, नाहीतर सगळी माणसं एकाच तोंडाने बोलू लागतील. शेवटी, दोन्ही खर्डे न पाहिलेल्या, अहिराणी घरात बोलणाऱ्या माणसाला संहिता दे आणि जिथे अडखळला तिथे रेघ मारायला सांग. कारण विचारू नकोस.

परिनिरीक्षण मंडळाकडे हे सगळं झाल्यावरचीच प्रत पाठव, कारण प्रमाणपत्र त्या प्रतीला मिळतं आणि प्रयोग तिच्याबरहुकूम व्हावा लागतो. मुखपृष्ठावर दोन्ही लेखकांची नावं कशी येणार ते दोघांना समोर बसवून, कात्री लावण्याआधी लिहून घे. मूळ दोन्ही खर्डे हात न लावता वेगळे ठेव. तालमीत नानाचं एखादं गेलेलं वाक्य परत मागितलं जाईल, तेव्हा ते तिथेच सापडेल.

तुझा,
एक जुना संहितावाचक